मागच्या पत्राप्रमाणे

वाईट बातमी सांगायला आपल्याकडे नेहमी अशा माणसाला पाठवतात, ज्याचा ती घडवण्यात काही हात नसतो. ज्यांचा असतो ते चहा पिऊन घरी जातात. अमरावतीतल्या आमच्या शिक्षणसंस्थेत एकोणीस वर्षं मी बांधकामाचं काम पाहते. बांधकाम विभाग म्हणजे मी, एक बाबू आणि एक कपाट. कपाटाचं दार लागत नाही, बाबू जागचा हलत नाही, आणि उरलेली सगळी धावपळ माझ्या गुडघ्यांच्या वाट्याला येते.

संस्थेचं एक कॉलेज अकोल्याला आहे. त्याच्या मागच्या जागेवर मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. नकाशे झाले, मंजुऱ्या झाल्या, करारनामे झाले. चौदा एप्रिलच्या सुट्टीनंतर पायाचे गड्डे खणायला सुरुवात झाली. काळ्या मातीत पाया घ्यायचा तर उन्हाळ्यातच घ्यावा लागतो. एकदा पाऊस लागला की ती माती फुगते, कडा ढासळतात आणि माणूस नुसता चिखलाकडे बघत बसतो. म्हणून मी कंत्राटदाराच्या मागे हात धुऊन लागले होते. दर दोन दिवसांनी फोन करायचे, पाऊस यायच्या आत जमिनीच्या वर या म्हणून.

आणि मे महिन्यात एका मंगळवारी बैठकीत ठरलं की वसतिगृह नको. दोन वर्षं प्रवेश घटत होते, ज्या मुली होत्या त्या बसने येऊन-जाऊन करत होत्या, आणि त्यात देणगीदारांनी हात आखडता घेतला. निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. रिकाम्या खोल्यांना रंग देत बसण्यापेक्षा बरा. फक्त योजना उभी करायला दोन वर्षं लागली आणि मोडायला एक चहा पुरला, याचा थकवा आला. सचिवसाहेब उठता उठता म्हणाले, "मॅडम, कंत्राटदारांना तेवढं कळवून टाका." जसं काही दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगायचं होतं.

कंत्राटदार दोन होते. विजेचं काम घेतलेला माणूस अमरावतीचाच. त्याचं काम अजून सुरूच झालं नव्हतं. संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले, समोर बसून सांगितलं, पत्र येईल म्हणाले, अनामत परत मिळेल म्हणाले. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला की वायर अजून मागवली नाही तेच नशीब, आणि मला उसाचा रस पाजला. ते सोपं होतं. अवघड होता तो दुसरा, बांधकामाचा.

तो मूळचा अचलपूरकडचा. आधी मिस्त्री होता, गवंडीकाम करत करत स्वतःचा परवाना काढला. वय माझ्याएवढंच असेल, पन्नाशी उलटलेली. आमची छोटी कामं त्याने पाच-सहा केली होती, कुंपणाची भिंत, सायकलस्टँड, संडास. वसतिगृह हे त्याचं पहिलं मोठं काम. त्याला फोनवर सांगायचं नाही आणि पत्रातून तर मुळीच कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. आधी जाऊन सांगायचं, मग पत्र. बाबूला म्हटलं, दोन्ही पत्रं तयार ठेवा, मी उद्या अकोल्याला जाऊन येते.

इथे बाबूविषयी सांगायला हवं. माणूस सज्जन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, एक दिवस उशिरा आला नाही. पण त्याचं एक तत्त्व आहे: जुनं पत्र असताना नवं लिहायचं नाही. कुठल्याही कामाला तो कपाटातून जुनी फाइल काढतो, तारीख बदलतो, नाव बदलतो आणि खाली तेच छापतो. मागच्या पत्राप्रमाणे, असं म्हणून कागद पुढे करतो. ही त्याची एकट्याची खोड नाही, आमचं सगळं कार्यालयच मागच्या पत्राप्रमाणे चालतं. रजेचे अर्ज, डिझेलची बिलं, पाण्याच्या टाकीच्या सफाईचा आदेश आणि ही दोन पत्रं असा गठ्ठा त्याने त्या संध्याकाळी माझ्यासमोर ठेवला. सचिवांच्या आदेशावरून, असं लिहून त्याखाली सही माझी असते. मी सह्या केल्या. वाचलं नाही. डोळे थकले होते हे खरं, पण ते कारण झालं, उत्तर नाही.

सकाळच्या बसने मी निघाले. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून येणारा वारा सोसत होता, पुढे तो भट्टीतून आल्यासारखा झाला. मी रुमाल डोक्यावर घेऊन मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. काय आधी सांगायचं, काय मागून. लांबण लावायची नाही, आधी बातमी, मग कारण, मग पुढे काय. फोन पर्समध्ये होता. मी तो पाहिला नाही.

जागेवर पोचले तर मिक्सर बंद. मजूर कडुनिंबाखाली बसलेले, काही बाया डबे न उघडता तशाच बसलेल्या. मला वाटलं, जेवणाची सुट्टी लवकर केली ऊन आहे म्हणून. कंत्राटदार एका गड्ड्यातून वर आला. हातात टेप होता. शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला.

आमचा एक व्हॉट्सॅप ग्रुप होता, वसतिगृहाच्या कामाचा. त्यात सचिव, बाबू, मी, दोन्ही कंत्राटदार, सिमेंटवाला, सळईवाला, गिट्टीवाला, सगळे. बाबूने सकाळी साडेनऊला पत्राचा फोटो त्यात टाकला होता. सही झालेलं पत्र कपाटात ठेवणं त्याच्या लेखी पाप. पोस्टानेही पाठवलं होतंच, पण सर्वांना एकदम कळावं म्हणून ग्रुपवर. मी चष्मा लावला आणि माझ्याच सहीचं पत्र पहिल्यांदा वाचलं. 'कंत्राटदाराने काम समाधानकारकरीत्या न केल्यामुळे सदर कंत्राट रद्द करण्यात येत असून अनामत रक्कम जप्त करण्यात येत आहे.'

कितीतरी वर्षांपूर्वी एक कंत्राटदार आमची भिंत अर्धी टाकून पळाला होता. त्याला पाठवलेलं पत्र होतं ते. नाव बदललेलं, तारीख बदललेली. पळून गेला एक, आणि फाशी या संन्याशाला.

तो माझ्यासमोर उभा होता. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, काम बंद झालं, ते मी मनाले समजावून घेईन. असं होते. पण माह्या कामात खोट काय निघाली, तेवढं सांगा. सकाळपासून मी एकेक गड्डा मोजून राहिलो."

म्हणून हातात टेप होता. पत्र वाचून हा माणूस भांडायला अमरावतीला आला नव्हता, फोनवर शिव्या दिल्या नव्हत्या. आपलं काय चुकलं ते शोधायला खाली उतरला होता, बेचाळीस गड्ड्यांत, अकोल्याच्या मे महिन्यात. मला शरम वाटली. अशी शरम की कानाच्या पाळ्या तापल्या, आणि ते ऊन नव्हतं.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. म्हटलं, भाऊ, तुमच्या कामात खोट नाही. प्रवेश कमी झाले, पैसा थांबला, म्हणून संस्थेने वसतिगृहच रद्द केलं. हे पत्र चुकीचं आहे. जुन्या फाइलवरून उतरवलंय, आणि मी न वाचता सही केली. चूक माझी. बाबूचं नाव मी घेतलं नाही. सही त्याची नव्हती.

तो खाली विटांच्या ढिगावर बसला. बराच वेळ टेप गुंडाळत राहिला. मग त्याने जे सांगितलं त्याने माझी उरलीसुरली हवा गेली. बाळापूर तालुक्यात शाळेच्या खोल्यांचं एक काम निघालं होतं. त्याचा अर्ज मंगळवारपर्यंत भरायचा होता. त्यात एक रकाना असतो: याआधी आपल्या दोषामुळे कोणतं काम काढून घेतलं गेलं आहे काय? तिथे हो लिहिलं की अर्ज बाजूला. नाही लिहिलं आणि मागून असं पत्र कोणी दाखवलं की खोटं लिहिल्याचा ठपका, मग पुढे अर्जच नको. पंचवीस-तीस माणसं त्याच्याबरोबर फिरायची. वसतिगृह गेलं तर ती शाळेच्या कामावर गेली असती. आता दोन्हीकडून वाट बंद होत होती, आणि ती माझ्या एका सहीने.

"सिमेंटवाल्याचा फोन आलता," तो म्हणाला. "विचारे, काय भानगड केली. पंधरा वर्सापासून माल देते तो मले."

नवं पत्र मी मंगळवारच्या आत देते, असं म्हणणार होते. मग थांबले. पत्र द्यायला सचिवांची मान्यता लागणार होती, आणि जे आपल्या हातात नाही त्याच्या भरवशावर मी आधीच एकदा या माणसाला पावसाच्या आत पाया वर आणायला लावलं होतं. म्हटलं, पत्रासाठी मला साहेबांशी बोलावं लागेल, त्याचा आजच शब्द देत नाही. पण जे माझ्या हातात आहे ते आत्ता करते. आणि त्याच खुर्चीवर बसून ग्रुपवर लिहिलं. एका बोटाने लिहिते मी, वेळ लागला. 'आज सकाळी टाकलेले पत्र चुकीचे आहे. वसतिगृहाचे काम संस्थेने स्वतःच्या अडचणीमुळे थांबवले आहे. कंत्राटदाराच्या कामात कोणताही दोष नाही. पत्र न वाचता सही करण्याची चूक माझी आहे.' पाठवून त्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. मग टेप खाली ठेवला.

मग आम्ही पुढचं ठरवलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सावरलं ते याच रुक्ष गोष्टींनी. आधी मोजमाप, आजच, दोघांनी मिळून. गड्डा बुजला की आतलं काम कोणाला दिसत नाही, मग नुसता शब्दावर शब्द. ज्यात काँक्रीट पडलं होतं त्यांचे फोटो. त्यानंतर सगळे गड्डे बुजवायचे, पाऊस यायच्या आत, कारण मागे वस्ती आहे, पोरं खेळतात, बकऱ्या फिरतात. ते बुजवण्याचं कामही मोजायचं आणि बिलात धरायचं, फुकट नाही. अखंड सळई सळईवाल्याला परत किंवा त्याच्या पुढच्या कामावर, कापून वाकवलेली संस्थेने ठेवून घ्यायची. अनामत जप्त नाही, परत. जेवढं काम झालं तेवढ्याचा दाखला. मी हे सगळं एका कागदावर लिहिलं, कोणी काय कधी करायचं ते, आणि एक प्रत त्याला दिली. नुकसानीची भरपाई मिळेल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, करारात नाही, मिळणार नाही. त्याने मान हलवली. माझा अनुभव असा की माणूस नकार पचवतो. त्याला छळतं ते 'बघू'.

राहिले मजूर. ते मघापासून आमच्याकडे बघत होते. मला वाटलं तो सांगेल, त्याची माणसं. तो म्हणाला, "तुमी सांगा, मॅडम. मी सांगतलं तर या लोकायले वाटन मीच काई केलं."

मी कडुनिंबाखाली गेले. आयुष्यात भाषण केलं नाही, तिथेही केलं नाही. काम बंद झालंय, यांची चूक नाही, तुमचीही नाही. चार-पाच दिवस गड्डे बुजवायचं काम आहे, त्याची मजुरी नेहमीसारखी शनिवारी. त्यानंतर इथे काम नाही, तेव्हा दुसरीकडे कोणी बोलावत असेल तर थांबू नका. मागे बसलेल्या एका म्हातारीने तेवढं विचारलं.

"मंग आता इथं काय होईन, बाई?"

काही नाही होणार, म्हटलं. तिने डबा उघडला. तिच्यामागे बाकीच्यांनीही उघडले.

आम्ही दोघं ऊन उतरेपर्यंत मोजत होतो. तो खाली, मी वर वही घेऊन. तो आकडा सांगायचा, मी लिहायचे, खाली दोघांच्या सह्या. या वेळी प्रत्येक ओळ वाचून सही केली. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी बोलावलंच. ग्रुपवरचं माझं लिहिणं त्यांनी वाचलं होतं. ते वाईट माणूस नाहीत, सावध आहेत, आणि सावध माणसाशी वाद घालताना जास्त दम लागतो. त्यांचं म्हणणं, आपण होऊन 'दोष नाही' असं लिहून दिलं तर उद्या तो भरपाई मागेल. शिवाय हे ग्रुपवर कोणाला विचारून लिहिलंत? मी म्हटलं, आधीच्या पत्रावर सही करताना कोणाला विचारलं नव्हतं, म्हणून हे झालं. मग करारनामा त्यांच्यासमोर उघडून ठेवला. दोषावरून काम काढायचं कलम वेगळं, संस्थेने आपणहून थांबवायचं वेगळं. दुसऱ्यात झालेल्या कामाचे पैसे आणि अनामत परत एवढंच, त्यापुढे काही मागता येत नाही. उलट पहिलं पत्र तसंच ठेवलं तर तो कोर्टात जाऊ शकतो आणि आपल्याकडे दोषाचा एक पुरावा नाही. हे शेवटचं त्यांना पटलं. माणुसकीचं मी काही बोलले नाही. तेवढी ताकद राहिली नव्हती, आणि कलमाने काम होत असेल तर माणुसकी घरी वापरावी.

नवं पत्र मी स्वतः लिहिलं, विजेवाल्याचंही तसंच बदललं. आधीचं पत्र रद्द समजावे, काम संस्थेच्या निर्णयाने थांबले आहे, कंत्राटदाराचा दोष नाही, आणि पुढे काय काय होणार त्याच्या तारखा. बाबूने ते टंकलं, तीनदा वाचून दाखवलं, आणि दिवसभर माझ्याशी नजर चुकवत राहिला. संध्याकाळी त्याने भिंतवाल्याची ती जुनी फाइल कपाटाच्या तळाशी घातली. फाडली नाही. फाडणं त्याला जमणारच नव्हतं.

पोस्टावर माझा भरवसा नव्हता. सोमवारी पुन्हा बसमध्ये बसले. गड्डे बहुतेक बुजले होते. जमीन पुन्हा सपाट दिसत होती, फक्त रंग ठिकठिकाणी गडद, खालची माती वर आलेली. कंत्राटदार पत्र्याच्या खोलीत होता. बाळापूरच्या कामाचा अर्ज समोर पसरलेला, सगळा भरलेला, एक रकाना सोडून. मी पत्र दिलं. त्याने बोट ठेवून सावकाश वाचलं, घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली. पेन उचलला. आणि त्या रकान्यावर तसाच धरून बसला.

मी म्हटलं, काय झालं, भाऊ? आता काहून थांबले? इतकी वर्षं अकोल्याला ये-जा केली की जिभेवर 'काहून' येतंच.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी मी गड्डे मोजले ना, मॅडम. तुमी यायच्या पहिले. त्यातला एक गड्डा खोलीला दोन इंच कमी भरला होता. मले वाटलं, सापडलं. याच्यावरूनच गेलं काम."

तो गड्डा मला आठवत होता. मागच्या कोपऱ्यातला. त्याने खालून आकडा जसा होता तसा सांगितला होता आणि मी वहीत तसाच लिहिला होता. दोन इंच. दोन इंच म्हणजे एका माणसाचं घटकाभराचं खोदकाम. अख्खं वसतिगृह त्या दोन इंचांवरून गेलं, असं मनात घेऊन हा माणूस ती पूर्ण सकाळ उन्हात बसला होता, आणि मी बसमध्ये वाक्यं जुळवत होते.

"मंग लिहू का 'नाही'?" त्याने विचारलं.

"लिहा, भाऊ," मी म्हटलं.

त्याने लिहिलं.